चौरसाची बाजू थोडी चुकली तर क्षेत्रफळ किती चुकते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजूच्या मापात एखाद्या टक्क्याची चूक झाली तर क्षेत्रफळात किती चूक येते, हा प्रश्न दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक म्हणजे स्पर्धा परीक्षेचा पेपर आणि दुसरे म्हणजे प्लॉटची मोजणी. गणित दोन्हीकडे एकच आहे, पण प्लॉटवर त्याचे बरेच बारकावे पुढे येतात. म्हणून खालची बहुतेक उदाहरणे जमिनीची आहेत आणि माप म्हणून आपल्या ओळखीचा गुंठा घेतला आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट.

थोडक्यात सांगा, किती चूक येते?

साधारण दुप्पट. बाजू १ टक्का जास्त मोजली गेली तर क्षेत्रफळ जवळपास २ टक्के जास्त येते. बाजू अर्धा टक्का कमी मोजली गेली तर क्षेत्रफळ जवळपास १ टक्का कमी येते. यात दोन अटी आहेत. चूक लहान असली पाहिजे आणि लांबी-रुंदी दोन्ही त्याच प्रमाणात, त्याच दिशेने चुकलेल्या असल्या पाहिजेत. या अटी मोडल्या की उत्तर बदलते. पुढचे बरेच प्रश्न त्याबद्दलच आहेत.

पण दुप्पटच का? कागदावर समजावून सांगता येईल का?

३३ फुटांचा चौरस काढा. आता दोन्ही बाजू दोन-दोन इंच जास्त मोजल्या गेल्या असे समजा, म्हणजे ३३ फूट २ इंच. मोठा चौरस आधीच्या चौरसावर ठेवला तर खालच्या कोपऱ्यापासून दोन कडांना दोन पट्ट्या जास्तीच्या दिसतील, एक उजवीकडे आणि एक वर. प्रत्येक पट्टी ३३ फूट लांब आणि दोन इंच रुंद आहे. दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा भाग, म्हणून एका पट्टीचे क्षेत्रफळ साडेपाच चौरस फूट होते आणि दोन पट्ट्यांचे मिळून ११ चौरस फूट.

दोन्ही पट्ट्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यात दोन इंच बाय दोन इंचांचा एक चिमुकला चौकोन उरतो. तो फक्त चार चौरस इंचांचा असतो, एका फरशीच्या तुकड्याएवढासुद्धा नाही.

१०८९ मध्ये ११ म्हणजे एक टक्क्यापेक्षा किंचित जास्त. आणि ३३ फुटांत दोन इंच म्हणजे अर्धा टक्का. दुप्पट येते ती या दोन पट्ट्यांमुळे. आकृती एकदा हाताने काढली की सूत्र पाठ करावे लागत नाही. ज्यांना सूत्र हवेच आहे त्यांच्यासाठी, बाजूतली चूक 'क' (१ टक्का म्हणजे ०.०१) धरली तर:

(१ + क)² = १ + २क + क²

यातला २क म्हणजे त्या दोन पट्ट्या आणि क² म्हणजे कोपऱ्यातला चौकोन.

परीक्षेत उत्तर ४ टक्के लिहायचे की ४.०४ टक्के?

प्रश्न ठरलेला असतो: 'चौरसाची बाजू मोजताना २ टक्के जास्त मोजली गेली, तर क्षेत्रफळात किती टक्के चूक झाली?' अंकगणिताच्या पेपरात उत्तर ४.०४ टक्के. तिथे चूक नेमकी २ टक्के आहे असे सांगितलेले असते, त्यामुळे कोपऱ्यातला चौकोनही धरायचा: २ + २ + (२ × २ ÷ १००). पर्यायांत ४ आणि ४.०४ दोन्ही मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणून घाई करू नका.

भौतिकशास्त्राच्या पेपरात मात्र 'बाजूच्या मोजमापातील त्रुटी २ टक्के आहे' असे म्हटले की उत्तर ४ टक्के. तिथे २ टक्के ही चुकीची कमाल मर्यादा आहे. माप २ टक्क्यांनी जास्त असू शकते, कमी असू शकते किंवा बरोबरही असू शकते. मर्यादाच ढोबळ असताना तिच्या वर्गातले ०.०४ जपण्यात अर्थ नसतो.

जास्त आणि कमी यांची उत्तरे मात्र सारखी नसतात. बाजू १० टक्के जास्त मोजली तर क्षेत्रफळ २१ टक्के जास्त, पण १० टक्के कमी मोजली तर १९ टक्के कमी. कोपऱ्यातला चौकोन दोन्ही वेळा अधिकच असतो, म्हणून एकीकडे तो भर घालतो आणि दुसरीकडे तूट भरून काढतो. १ टक्क्याच्या चुकीत हा फरक २.०१ आणि १.९९ इतकाच उरतो. माझ्या मते तीन टक्क्यांपर्यंत तोंडी हिशेबात दुप्पट धरायला हरकत नाही. त्यापुढे वर्ग करून बघावा.

आमची टेप वापरून वापरून लांब झाली आहे. मग क्षेत्रफळ जास्त येईल ना?

नाही, कमी येईल. इथे खूप जण उलट्या दिशेला जातात, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवू.

प्लॉट प्रत्यक्षात ६६ फूट बाय ९९ फूट आहे, म्हणजे ६५३४ चौरस फूट, बरोबर सहा गुंठे. टेप कापडी आहे आणि ओढून ओढून १ टक्का ताणली गेली आहे. तिच्यावरचा '१०० फूट' हा आकडा आता खऱ्या १०१ फुटांवर आला आहे. टेपवरचा प्रत्येक फूट मोठा झाल्यामुळे तेवढ्याच जागेत फूट कमी मावतात. ६६ फुटांच्या बाजूवर टेप ६५.३५ दाखवेल आणि ९९ फुटांच्या बाजूवर ९८.०२. गुणाकार केला की साधारण ६४०५ चौरस फूट येतात. खऱ्या क्षेत्रफळापेक्षा हे १२९ चौरस फुटांनी कमी, म्हणजे १.९७ टक्के कमी आहे.

दर चौरस फुटाला हजार रुपये धरला तर विकणाऱ्याचे सव्वा लाखाहून जास्त रुपये एका ताणलेल्या टेपने गेले. टेप आकसलेली किंवा मधून कापून जोडलेली असेल तर याच्या उलट होते. क्षेत्रफळ जास्त येते आणि घेणारा नुकसानीत जातो.

दुरुस्ती सोपी आहे, पुन्हा मोजायला जावे लागत नाही. टेपची खरी लांबी भागिले छापील लांबी, त्याचा वर्ग, आणि त्याने मोजलेल्या क्षेत्रफळाला गुणायचे. आपल्या उदाहरणात १.०१ चा वर्ग १.०२०१, आणि ६४०५.२५ × १.०२०१ म्हणजे पुन्हा ६५३४. मोजणीत साखळी वापरत होते तेव्हापासून हीच रीत चालत आली आहे, कारण कड्या झिजून साखळ्याही लांबायच्या.

टेप ताणली आहे की नाही, हे फक्त दुसऱ्या खात्रीच्या टेपशी ताडून कळते. नवी पोलादी टेप सपाट जमिनीवर पसरा, शेजारी जुनी टेप नेहमीच्याच ओढीने धरा आणि शेवटचा आकडा बघा. जुन्या टेपने तीच बाजू दहा वेळा मोजली तरी दहाही वेळा तीच चूक येईल आणि आकडे एकमेकांशी छान जुळतील. त्या जुळण्यावर विसंबू नका.

टेपचा पहिला फूट तुटला आहे, तरी चालते का?

चालवता येते, पण मोजताना एक फूट वजा करायची आठवण राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर होणारी चूक ताणलेल्या टेपपेक्षा वेगळ्या जातीची असते. ताणलेल्या टेपची चूक लांबीबरोबर वाढते. तुटलेल्या टोकाची चूक मात्र एका ओढीला ठरलेली असते: एक फूट. मग बाजू जितकी लहान तितके टक्के जास्त. ३३ फुटांच्या बाजूवर ती ३ टक्के पडते आणि ९९ फुटांवर १ टक्का. वरचाच प्लॉट ६७ बाय १०० मोजला जाईल, म्हणजे ६७०० चौरस फूट. चूक सुमारे अडीच टक्के. लांबीतली चूक आणि रुंदीतली चूक टक्क्यांत वेगवेगळी आहे, म्हणून 'दुप्पट' म्हणता येत नाही. दोन्हींची बेरीज करायची: १.५२ अधिक १.०१.

ही चूक पकडण्याची युक्ती चांगली आहे आणि तिला दुसरी टेप लागत नाही. एखादी सरळ भिंत एका ओढीत मोजा. मग मध्ये खडूने खूण करून तीच भिंत दोन तुकड्यांत मोजा. २४ फुटांची भिंत अशी टेप एका ओढीत २५ दाखवेल आणि दोन तुकड्यांत १३ अधिक १३, म्हणजे २६. जो फरक आला तेवढीच चूक दर ओढीला होते आहे. टेपचे शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला आहे की पट्टीवर थोडे आत, याचा घोळ असेल तर तोही याच युक्तीने उघडा पडतो. ताणलेली टेप मात्र या परीक्षेत सापडत नाही. तिच्या दोन तुकड्यांची बेरीज नेहमीच जुळते.

सातबाऱ्यावर आर असतात आणि बोलण्यात गुंठे. दोन्ही एकच धरले तर काय बिघडते?

बाजू अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त चुकवली तर जे होते तेच. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. '३३ फूट म्हणजे दहा मीटरच की' असे म्हणताना बाजूत ०.५८ टक्के सोडले जातात. क्षेत्रफळात त्याचे दुप्पट, म्हणजे १.१६ टक्के जातात. गुंठ्याचे १०१.१७ चौरस मीटर होतात ते त्यामुळेच.

एका गुंठ्यात हा फरक साडेबारा चौरस फुटांचा असतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण ४० गुंठ्यांचा एक एकर घ्या. एकर ४०.४७ आरांचा असतो. 'एक एकर दिला' असे म्हणून कागदावर ०.४० हेक्टर लिहिले तर ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट लिहायचे राहून गेले. एका छोट्या घराची जागा होते ती. व्यवहाराच्या कागदावर आर आणि चौरस मीटरच लिहावेत आणि गुंठे फक्त बोलण्यात ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

३३ हा आकडा कुठून आला, असेही विचारले जाते. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी रूढ केली. ३३ फूट ही तिची निम्मी लांबी. महसुली मोजणीत ३३ फुटांचीच साखळी वापरत आणि तिचे सोळा भाग असत. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर.

एकच बाजू चुकली असेल तर?

मग चूक दुप्पट होत नाही, तेवढीच राहते. लांबी १ टक्का जास्त आणि रुंदी अगदी बरोबर असेल तर क्षेत्रफळ १ टक्काच जास्त. एक बाजू जास्त आणि दुसरी कमी असेल तर चुका एकमेकींना खातात. परीक्षेत 'लांबी ५ टक्के जास्त आणि रुंदी ४ टक्के कमी मोजली' असे येते. त्याचे उत्तर ५ − ४ − ०.२ = ०.८ टक्के जास्त.

प्रत्यक्षात एकच बाजू चुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उतार. जमिनीचे क्षेत्रफळ आडव्या पातळीवरचे धरतात, पण कोकणात किंवा गोव्यात डोंगरउतारावर टेप बरेचदा जमिनीवर टेकवूनच ओढली जाते. उतारावर १०० फूट मोजताना १४ फूट चढ चढला असेल तर आडवे अंतर ९९ फूटच भरते. म्हणजे उताराच्या दिशेने १ टक्का जास्त माप आले. उताराला आडव्या जाणाऱ्या बाजूवर चढच नसतो, तिथे माप बरोबर येते. म्हणून क्षेत्रफळात चूक १ टक्क्याची, २ टक्क्यांची नव्हे. टेप तुकड्यातुकड्याने आडवी धरून, ओळंब्याने खाली खूण करत उतरले की ही चूक जाते.

प्लॉट चौरस आहे हे माहीत आहे. एक बाजू मोजून वर्ग केला तर चालेल, की दोन्ही मोजायच्या?

दोन्ही मोजा. कारण फक्त 'खात्री करून घ्यावी' एवढेच नाही, त्यामागे गणित आहे.

टेप अचूक आहे असे समजू. तरी दर मोजणीत थोडे इकडेतिकडे होतेच. ओढ कमी-जास्त होते, खुंटीच्या मधोमध धरली की कडेला यात फरक पडतो, वाऱ्याने टेप फुगते. ही चूक कधी जास्तीची, कधी कमीची असते. एकच बाजू मोजून वर्ग केला तर जी चूक झाली तीच लांबीत आणि रुंदीतही जाते, आणि क्षेत्रफळात तिची दुप्पट होते. दोन बाजू वेगवेगळ्या मोजल्या तर दोन्ही चुका एकाच दिशेने जातीलच असे नाही. अशा स्वतंत्र चुकांची बेरीज सरळ करत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. दोन्हीकडे १ टक्का असेल तर २ चे वर्गमूळ, म्हणजे १.४१ टक्के. एक जादा माप घेऊन अपेक्षित चूक २ वरून १.४ वर येते.

हा फायदा ताणलेल्या टेपला लागू होत नाही. तिथे दोन्ही बाजू एकाच दिशेने चुकणार हे ठरलेलेच असते, म्हणून चूक पूर्ण दुप्पट.

क्षेत्रफळ एका टक्क्याच्या आत बरोबर हवे असेल तर बाजू किती काटेकोर मोजावी लागेल?

अर्ध्या टक्क्याच्या आत. ३३ फुटांना दोन इंच, १०० फुटांना सहा इंच. वाचताना हे सोपे वाटते, पण झुडपांवरून ओढलेल्या टेपला दोन इंचांचा फरक सहज पडतो.

उन्हाने पोलादी टेप वाढते, त्याचे काय, असेही बरेच जण विचारतात. ३० मीटरची पोलादी टेप तापमान २५ अंशांनी वाढले की सुमारे ९ मिलिमीटर लांबते. बाजूत ०.०३ टक्के, क्षेत्रफळात ०.०६ टक्के, एका एकराला पंचवीसेक चौरस फूट. घराच्या प्लॉटला हे सोडून द्या.

मोबाइलवरच्या अॅपने चालत मोजणाऱ्यांना मात्र सांगावेसे वाटते की मोबाइलची जागा मोकळ्या आभाळाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे असते. एकरभर शेताचा अंदाज त्यावर घेता येईल. दहा मीटर बाजूच्या गुंठ्यात पाच मीटर म्हणजे निम्मी बाजू, तिथे टक्क्यांची भाषाच उरत नाही.

नकाशाच्या झेरॉक्सवरून क्षेत्रफळ काढले तर?

झेरॉक्स ९८ टक्के आकाराची निघाली असेल तर क्षेत्रफळ ९६.०४ टक्केच भरेल. नकाशावर छापलेली मोजपट्टी आधी साध्या पट्टीने मोजून बघा. ती जितकी आखूड तितकी प्रत्येक रेषा आखूड. जुना कागद लांबीत आणि रुंदीत वेगवेगळा आकसलेला असतो, तेव्हा दोन्ही दिशांचे टक्के वेगळे काढून बेरीज करा.

आमचा प्लॉट चौरस नाही, वेडावाकडा आहे. मग दुप्पटीचा नियम लागू होतो का?

सगळी मापे सारख्याच टक्क्यांनी चुकली असतील तर आकार कसाही असो, दुप्पट होतेच. त्रिकोण असो, षटकोन असो की नदीकाठचा वळणदार तुकडा, आकृती तशीच राहते आणि फक्त लहान किंवा मोठी होते. ताणलेल्या टेपची दुरुस्ती त्यामुळे कुठल्याही आकाराला चालते.

धोका असतो तो एकच बाजू चुकण्यात. वेडावाकडा प्लॉट त्रिकोणांत पाडून तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढतात, आणि त्रिकोण चपटा असेल तर एका बाजूची छोटी चूक भलतीच फुगते. ५०, ५० आणि ९८ फूट बाजूंचा त्रिकोण घ्या. त्याची उंची जेमतेम १० फूट आणि क्षेत्रफळ ४८७.५ चौरस फूट. आता लांब बाजू १ टक्का जास्त, म्हणजे ९८.९८ फूट मोजली आणि बाकीच्या दोन बरोबर मोजल्या. तीन बाजूंच्या सूत्राने नवे क्षेत्रफळ येते ३५२.५ चौरस फूट. बाजू १ टक्का वाढली आणि क्षेत्रफळ जवळपास २८ टक्क्यांनी घटले. पाया थोडा रुंदावला की दोन्ही तिरक्या बाजू आडव्या पडतात आणि उंची दहावरून सात फुटांवर येते, हे आकृती काढली की लगेच दिसते.

म्हणून मोजणीत त्रिकोणाचा कुठलाही कोन ३० अंशांपेक्षा लहान किंवा १२० अंशांपेक्षा मोठा होऊ देत नाहीत. वरच्या त्रिकोणात लहान कोन साडेअकरा अंशांचे आहेत. प्लॉटचा आकारच असा लांबट असेल तर दुसरा कर्ण घेऊन त्रिकोण वेगळे पाडून बघावेत. तेही जमत नसेल तर लांब बाजूवर काटकोनात उंची टेपने थेट मोजावी. वरच्या त्रिकोणात पाया ९८ आणि उंची ९.९५ फूट मोजली असती, तर पायातल्या १ टक्क्याच्या चुकीने क्षेत्रफळ १ टक्काच चुकले असते. उंचीचे माप मात्र काळजीने घ्या. दहा फुटांच्या उंचीत एका इंचाची चूक म्हणजे क्षेत्रफळात जवळपास एक टक्का, आणि काटकोन डोळ्यांनी धरला तर एखादा इंच सहज जातो.